मदत हवी आहे: दोघी बहिणी एकाच घरी द्यायच्या, पण थोरलीची नाडी एक निघाली

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्ह्याकडचे. माझ्या दोन बहिणींना एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावांचं स्थळ आलं. ओलिताची शेती, माणसं शांत, मुलामुलींची पसंतीही झाली. तूर निघाली की एकाच मांडवात दोन्ही लग्नं उरकायची, असं ठरत होतं.

पत्रिका दाखवल्या. धाकटीचे २७ गुण. थोरलीचं नक्षत्र आर्द्रा, मुलाचं हस्त. २४ च्या आसपास गुण जुळतात, पण दोघांची आद्य नाडी. महाराज म्हणाले, नाडीचे ८ पैकी शून्य, शिवाय दोन भावांना दोन बहिणी देऊच नये. बाबांनी साक्षगंधाची यादी घडी करून देवघरात ठेवली. थोरली तेव्हापासून नीट जेवत नाही. धाकटीच्या चांगल्या गुणांनी थोरलीचा दोष झाकला जातो का?

वाशीमकर: काळजी काहून करता भाऊ? मिथुन आन् कन्या, दोन्हीचा स्वामी बुधच. नाडीदोष गेला समजा.

पुसदची ताई: आमच्याकडे आटंसाटं झालं होतं. माझ्या भावाला नणंद दिली. मी भांडून माहेरी आले की तिचाही भाऊ तिला घेऊन जायचा. दोन्ही घरच्या चुली बंद. नका करू.

पंचांगवाले काका: ताई, तुमचा तो प्रत्युद्वाह, मुलगी देऊन मुलगी घेणं. इथे दोन्ही मुली एकाच बाजूने जात आहेत. तरी निर्णयसिंधूसारख्या ग्रंथांत दोन्हींना मनाई आहे, महाराजांनी मनचं सांगितलेलं नाही. आमच्या भागात मात्र अशी कितीतरी लग्नं लागली आहेत.

वाशीमकर, राशीस्वामी एक असला की षडाष्टकासारखा राशीचा दोष सुटतो, नाडीचा नाही. नाडीला एक नक्षत्र पण चरण वेगळे, किंवा एक रास पण नक्षत्रं वेगळी, असा परिहार लागतो. इथे दोन्ही नाही. आणि धाकटीचे गुण थोरलीला मिळत नाहीत, प्रत्येक जोडी स्वतंत्र पाहतात. आधी जन्मवेळा दवाखान्याच्या कागदावरून तपासा. चंद्र एका नक्षत्रात साधारण दिवसभर असतो, त्यामुळे नक्षत्राच्या काठावर जन्म असेल तरच नाडी बदलेल.

मांडवाचंही बघा. सख्ख्या भावंडांची लग्नं सहा महिन्यांच्या आत नको म्हणतात, पण संवत्सर बदललं की चालतं. म्हणून एक फाल्गुनात, दुसरं पाडव्यानंतर.

आरोग्यसेविका: नाडी संततीसाठी पाहतात ना? मग चौघांची सिकलसेल तपासणी करा, आपल्याकडे वाहक बरेच आहेत. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के. आणि एक भाऊ वाहक निघाला तर दुसराही असू शकतो.

धागाकर्ता: काका, थोरलीचा जन्म पहाटेचा, वेळ आईने आठवून सांगितलेली. उद्या कागद शोधतो. तपासणीचं बाबांना कसं सांगावं, ते मात्र अजून सुचत नाही.