मदत हवी आहे: व्हर्च्युअल इंटर्नशिपचं सर्टिफिकेट नोकरीच्या वेळी चालतं का?

रामबागवाली
नमस्कार. मी इंदूरला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिंक्डइनवर एका वेब डेव्हलपमेंट इंटर्नशिपला अर्ज केला आणि दुसऱ्याच दिवशी ऑफर लेटर आलं. मुलाखत नाही, फोनसुद्धा नाही. चार आठवडे घरून काम. लँडिंग पेज, कॅल्क्युलेटर आणि टू-डू लिस्ट बनवायची, कोड गिटहबवर टाकायचा आणि प्रत्येकाचा व्हिडिओ कंपनीला टॅग करून पोस्ट करायचा. स्टायपेंड नाही. उलट शेवटी सर्टिफिकेटसाठी आपणच १४९ रुपये 'व्हेरिफिकेशन चार्ज' द्यायचा. लेटरवर एमएसएमई आणि आयएसओचे लोगो आहेत, सर्टिफिकेटवर क्यूआर कोड असेल म्हणतात. आई म्हणते, एवढे तर सराफ्यात खाण्यावर एका वेळेला उडतात, भरून टाक. रविवारपर्यंत ऑफर लेटर लिंक्डइनवर पोस्ट करायचंय. हे सर्टिफिकेट कंपन्या मानतात का? आणि कॉलेजच्या इंटर्नशिपच्या क्रेडिटला चालेल का?

भिया_लष्करवाला
एमएसएमई आणि आयएसओ दोन्ही आहे ना? मग सरकारमान्य आहे, डोळे मिटून कर. माझ्या आतेभावाने अशा चार केल्या, आज पुण्यात नोकरीला आहे. फ्रेशरच्या रेझ्युमेत रिकामी जागा दिसण्यापेक्षा काहीतरी असलेलं बरं.

अनघा_विजयनगर
भिया, आतेभावाला नोकरी त्या चार कागदांमुळेच लागली, हे त्याला विचारलंत का?

मी इथल्याच एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत फ्रेशर्सच्या मुलाखती घेते, म्हणून सविस्तर लिहिते. एमएसएमई नोंदणी म्हणजे उद्यम पोर्टलवर घरबसल्या, फुकटात, स्वतःच माहिती भरून मिळणारा नंबर. पापडाच्या गृहउद्योगालाही मिळतो, आणि मिळावाच. त्याने धंदा नोंदलेला आहे एवढंच कळतं, प्रशिक्षण कसं आहे ते कळत नाही. आयएसओ ९००१ कामाच्या पद्धतीबद्दल असतं, तुझ्या कोडबद्दल नाही. आणि क्यूआर स्कॅन केला की त्यांचीच वेबसाइट उघडते. म्हणजे 'हा कागद आम्हीच दिला' असं तेच सांगतात. ते खरंच असतं, प्रश्न कागद देणारा कोण हा आहे.

तर रामबागवाली, आज दोन गोष्टी बघ. लेटरवरचा उद्यम नंबर udyamregistration.gov.in वर व्हेरिफायमध्ये टाक. संस्थेचा प्रकार, सुरुवातीची तारीख आणि कामाचं क्षेत्र दिसेल. मग लिंक्डइनवर कंपनीच्या पानावर 'पीपल' उघड आणि इंटर्न सोडून कोण उरतं ते मोज.

निवृत्त_काका_दत्तनगर
बेटा, १४९ रुपये देऊ नकोस. केंद्र सरकारची पीएम इंटर्नशिप आहे ना, महिन्याला पैसेही मिळतात. मोठ्या कंपन्या आहेत. त्यातच नाव घाल.

अनघा_विजयनगर
काका, २०२४मध्ये सुरू झाली तेव्हा ती योजना २१ ते २४ वर्षांच्या, पूर्णवेळ शिक्षण चालू नसलेल्या मुलांसाठी होती. ही दुसऱ्या वर्षाला आहे, तिला नाही बसणार. शिवाय ते काम प्रत्यक्ष कंपनीत जाऊन करायचं असतं.

रामबागवाली
ताई, बघितलं. वेबसाइटवर '२०१९पासून' लिहिलंय, उद्यमवर सुरुवात २०२४ची दिसते. प्रकार प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच माणसाचा धंदा. लिंक्डइनवर साडेआठशेच्या वर लोक दिसतात, सगळे 'वेब डेव्हलपमेंट इंटर्न'. कर्मचारी म्हणून फक्त फाउंडर, आणि तो स्वतः बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षाला आहे!

अनघा_विजयनगर
एकाच माणसाचा धंदा असणं हा काही गुन्हा नाही. इंदुरात कितीतरी चांगली कामं अशीच चालतात. पण साडेआठशे जणांचा कोड तो एक मुलगा वाचणार का? प्रत्येकी १४९ धरले तर सव्वा लाखाच्या वर होतात, आणि तुम्ही टाकलेल्या पोस्ट म्हणजे त्याची फुकट जाहिरात. सॉफ्टवेअरचा कोणी ग्राहक यात दिसतोय का? मला तर सर्टिफिकेट हाच माल वाटतो.

आता आमच्या बाजूने सांगते. असे तीन-चार कागद लावलेले रेझ्युमे सतत येतात. मी कागदाकडे बघतच नाही, गिटहब उघडते. कित्येकांची टू-डू लिस्ट एकाच व्हिडिओवरून उतरवलेली असते, सगळा कोड एकाच कमिटमध्ये, म्हणजे एका झटक्यात आलेला. मग मी म्हणते, पान रिफ्रेश केल्यावर यादी पुसली जाते, ती टिकेल असं इथेच करून दाखव. ज्याने स्वतः लिहिलंय तो ब्राउझरच्या लोकल स्टोरेजपर्यंत पोचतो, चुकत का होईना. दुसरा गप्प बसतो. खरी इंटर्नशिप केलेल्याला मी विचारते, तुझा कोड कोणी तपासला, काय परत पाठवलं, आणि का? त्याच्याकडे किस्सा असतो. इथे तुझ्याकडे तो असणार नाही, कारण परत पाठवणारंच कोणी नाही.

मोठी_बँक_छोटा_मी
माझं जरा वेगळं आहे. मी फोरेज नावाच्या वेबसाइटवर एका मोठ्या बँकेचं जॉब सिम्युलेशन केलं, फुकट होतं, पाच-सहा तासांत झालं. ते अनुभवात लिहू का? बँकेचं नाव भारी दिसतं हो.

अनघा_विजयनगर
नको. तू बँकेत कामाला नव्हतास, नमुन्याचा अभ्यास सोडवलास. कोर्सेसच्या खाली लिही, 'जॉब सिम्युलेशन' याच नावाने. तिथे ते प्रामाणिक आहे आणि विषयात रस दिसतो. अनुभवात टाकलंस तर पहिल्याच प्रश्नाला फुगा फुटेल.

भिया_लष्करवाला
आणि खोटं लिहिलं तर बॅकग्राउंड चेकमध्ये आयुष्यभर ब्लॅकलिस्ट!

अनघा_विजयनगर
तेवढंही नाही. विद्यार्थीदशेतली इंटर्नशिप अनेक ठिकाणी तपासतच नाहीत. पण जॉइनिंगच्या फॉर्मवर अनुभव म्हणून लिहिली, तपासणाऱ्या एजन्सीने मेल केला आणि तोवर ती वेबसाइटच बंद पडलेली असेल, तर खुलासा तुलाच करावा लागतो.

मास्तर_इंदूर
क्रेडिटबद्दल मी सांगतो, महाविद्यालयात शिकवतो. यूजीसीच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये इंटर्नशिपचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास धरलाय. तुझे चार क्रेडिट असतील तर १२० तास झाले. लँडिंग पेज, कॅल्क्युलेटर आणि टू-डू लिस्ट यांना सगळे मिळून किती तास लागतील, तूच सांग. माझ्याकडे असा कागद आला की मी रोजची नोंदवही मागतो: तारीख, तास, काय केलं, आणि देखरेख करणाऱ्याची सही. बहुतेकांकडे ती नसते. मात्र सगळे मार्गदर्शक इतकं बघत नाहीत हेही खरं. काही ठिकाणी असा कागद सरळ फाइलला लागतो. तुमच्याकडे काय चालतं ते तुमच्या मार्गदर्शकांनाच विचार.

आणखी एक. मध्य प्रदेशात नवीन शिक्षण धोरणाखाली इंटर्नशिपऐवजी प्रोजेक्टचाही पर्याय आहे. ओळखीच्या दुकानाचं उधारीचं खातं ठेवणारं छोटं वेब अ‍ॅप बनवलंस तर १२० तास सहज भरतील, आणि अनघाताईंना सांगायला किस्साही मिळेल.

रामबागवाली
मामांचं मालगंजला किराणाचं दुकान आहे, ते तयार होतील. पण सर, मामांची सही चालेल का? नात्यातले आहेत म्हणून विचारते. आणि ताई, लँडिंग पेज मी आधीच बनवलंय, ते टाकून देऊ का?

मास्तर_इंदूर
नात्यातल्याची सही मी स्वतः घेत नाही, पण तसा लेखी नियम माझ्या बघण्यात नाही. प्रोजेक्टला कॉलेजातले मार्गदर्शकच सही करतात, म्हणून तो प्रश्न कदाचित येणारही नाही. सोमवारी विचारून घे.

अनघा_विजयनगर
लँडिंग पेज का टाकायचं? ते तुझंच आहे. प्रोजेक्ट म्हणून ठेव, त्या कंपनीचं नाव काढ. ऑफर लेटर पोस्ट करू नकोस, आणि त्यांनी आधारचा फोटो मागितला तर देऊ नकोस.

रामबागवाली
आधार तर फॉर्ममध्ये मागितलंच होतं, मी अजून अपलोड केलेलं नाही. आता करणारही नाही. आईला उद्यमचं पान दाखवते.