चर्चा: एसएमए की ईएमए? नव्या भावाला नक्की कोण लवकर वळतं?

सायली_प
निफ्टीच्या रोजच्या क्लोजिंगवर 9 दिवसांची साधी आणि एक्स्पोनेन्शियल, अशा दोन्ही मूव्हिंग अ‍ॅव्हरेज एक्सेलमध्ये काढते आहे. जिथे वाचावं तिथे लिहिलंय की ईएमए नव्या भावाला लवकर प्रतिसाद देते. पण 18 जून 2024 ला निफ्टी फक्त 92 अंक वाढला आणि माझी एसएमए एका दिवसात 186 अंक वर गेली. ईएमए गेली साधारण 75. मग जलद कोण? का माझं सूत्र चुकलंय?

इंट्राडे_सांगली
सूत्र तपासा, काहीतरी गडबड असणार. ईएमए आजच्या भावाला जास्त वजन देते, म्हणून ती कायम पुढेच असते. 9 दिवसांच्या ईएमएत आजच्या क्लोजिंगचं वजन 20 टक्के, एसएमएत 11 टक्के, विषय संपला. मी तर एसएमए चार्टवरून काढूनच टाकली आहे. संगणक नव्हते तेव्हा वहीत आकडेमोड सोपी पडायची म्हणून ती टिकली, आज तिचं काही काम उरलेलं नाही.

गणिती
सायलीताई, सूत्र बरोबर आहे. 186 अंक आले ते 18 जूनच्या भावामुळे कमी आणि 4 जूनच्या भावामुळे जास्त.

लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, 4 जूनला, निफ्टी 21,884.50 वर बंद झाला होता. तिथून नऊ सेशन मोजा: 4 ते 7 जून हे चार, 10 ते 14 जून हे पाच. 17 तारखेला बकरी ईदची सुट्टी. म्हणजे 18 जूनला 23,557.90 हा नवा आकडा तुमच्या खिडकीत आला आणि त्याच वेळी 21,884.50 बाहेर पडला. साध्या सरासरीचा रोजचा बदल म्हणजे आत आलेला भाव वजा बाहेर गेलेला भाव, भागिले 9. इथे फरक 1,673.40, भागिले 9, म्हणजे 185.9. समजा त्या दिवशी निफ्टी एक अंकही हलला नसता आणि 14 तारखेच्या 23,465.60 वरच थांबला असता, तरी एसएमए जवळपास 176 अंकांनी चढली असती. तेव्हा ही हालचाल बाजाराची नाही, दोन आठवड्यांपूर्वीच्या एका दिवसाची आहे.

ईएमएमध्ये असं घडत नाही, कारण तिच्यातून काहीच एकदम बाहेर पडत नाही. कालची ईएमए घ्यायची, आजचा भाव तिच्यापासून जितका दूर असेल त्या अंतराचा पाचवा भाग तिच्यात मिळवायचा. हा पाचवा भाग 2 भागिले (9+1) यातून येतो. रोज असं केलं की जुन्या प्रत्येक भावाचं वजन आपोआप 20 टक्क्यांनी घटत जातं. 4 जूनच्या भावाचं वजन त्या दिवशी 20 टक्के होतं, 5 जूनला 16, मग 12.8. 18 जूनपर्यंत ते पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आलेलं होतं. शून्य ते कधीच होत नाही.

इंट्राडे_सांगली
मग माझंच म्हणणं सिद्ध झालं ना? एसएमए शिळ्या भावावर उड्या मारते, ईएमए ताज्या भावावर चालते. लॅग हवाच कशाला?

गणिती
अर्धं सिद्ध झालं. लॅग कमी आहे हे मात्र मान्य नाही.

भाव 100 वर स्थिर आहे आणि एका दिवशी 110 वर जाऊन तिथेच बसला असं धरा. पहिल्या दिवशी ईएमए 102, एसएमए 101.11. चौथ्या दिवशी 105.90 आणि 104.44. इथपर्यंत तुमचं बरोबर, ईएमए दीड रुपयाने पुढे आहे. पण सातव्या दिवशी बघा: 107.90 आणि 107.78, जवळजवळ गाठलंच. आठव्या दिवशी एसएमए 108.89 वर जाते, ईएमए 108.32 वरच असते. नवव्या दिवशी एसएमए 110 वर पोचलेली असते आणि ईएमए अजून 108.66 वर. तिला शेवटचे सव्वा रुपये चालायला आणखी कित्येक दिवस लागतात, कारण ती दर वेळी उरलेल्या अंतराचा पाचवा भागच कापते आणि अंतर घटलं की पाऊलही घटतं.

आणि भाव रोज एक-एक रुपयाने सरळ चढत असेल, तर काही दिवसांत दोन्ही सरासऱ्या भावाच्या बरोबर चार-चार रुपये खाली धावतात. दोघींचा लॅग एकसारखा. हा योगायोग नाही. 9 दिवसांच्या एसएमएतल्या आकड्यांचं सरासरी वय चार दिवस असतं (आजचा शून्य, सर्वात जुना आठ). 2 भागिले (N+1) हे गुणक असं बेतलेलं आहे की ईएमएतल्या आकड्यांचं वजनी सरासरी वयही तेवढंच यावं. ईएमए लवकर वळते ती सुरुवातीला, ताज्या धक्क्याला. त्याची किंमत म्हणून जुन्या भावांची लांब शेपूट ती मागे ओढत राहते.

निफाडचा_कांदा
निफ्टीचं मला काही कळत नाही, पण आमच्या गटासाठी लासलगावचा रोजचा सर्वसाधारण दर मी लिहून ठेवतो आणि त्याची नऊ दिवसांची सरासरी काढतो. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली आणि दर एकदम पडले. साधी सरासरी बरेच दिवस जुन्या चढ्या दराच्या ओझ्याने वरच दिसत राहिली आणि गटातले काही जण त्या आकड्याकडे बघून माल रोखून बसले. तेव्हा ईएमए असती तर बरं झालं असतं का? दुसरी अडचण अशी की त्या वेळी लिलावही बंद पडले होते. ज्या दिवशी लिलावच नाही, त्या दिवशी कालचाच दर पुन्हा लिहायचा की तो दिवस सोडून द्यायचा?

गणिती
दादा, दर पडून खालीच राहिला असेल तर ईएमएने पहिल्या चार-पाच लिलावांत खरा दर नक्कीच लवकर दाखवला असता. वर दिलेल्या 100-110 च्या उदाहरणात फक्त दिशा उलटी करून बघा. पण तुमच्याकडे मला भीती वेगळी वाटते. एखाद्या दिवशी आवक अगदी थोडी असते, चार गाड्या चांगल्या मालाच्या येतात आणि दर उसळतो. ईएमए त्या एका दराला लगेच 20 टक्के वजन देते. समजा 100 चा दर एकाच दिवशी 118 झाला आणि दुसऱ्या दिवशी परत 100. ईएमए त्या दिवशी 103.60 दाखवेल, एसएमए 102. म्हणजे जलद वळणारी सरासरी खोट्या हाकेलाही जलदच वळते. अर्थात पाचव्या दिवशी ईएमए 101.47 पर्यंत उतरलेली असेल आणि एसएमए नऊही दिवस 102 वरच अडकून दहाव्या दिवशी धाडकन 100 वर येईल. तुमच्या कामासाठी मी तरी आवकेच्या क्विंटलांनी दर तोलून मगच सरासरी काढेन.

बंद दिवशी कालचा दर पुन्हा लिहू नका असं माझं मत. तसं केलं की ईएमए न झालेल्या व्यवहाराकडे सरकते.

जुना_गुंतवणूकदार
याला माझा विरोध आहे. शेअर बाजारात सुट्टी सगळ्यांना एकदमच असते, म्हणून दिवस सोडला तरी चालतं. कांद्यात लिलाव पाच दिवस बंद राहिले तर त्या पाच दिवसांत माल चाळीत पडून सडतो, वजन घटतं, जुना दर खरोखरच पाच दिवसांनी जुना होतो. दिवस सोडून दिला तर लिलाव बंद पडण्यापूर्वीच्या दराचं वजन मुळीच घटत नाही. मग पहिल्या लिलावाला नवा दर 20 टक्के आणि आठवड्यापूर्वीचे दर 80 टक्के, हे कुठल्या हिशोबाने?

गणिती
मुद्दा वजनदार आहे. मग बंद दिवशीही जुन्या दरांचं वजन घटवायचं आणि पहिल्या लिलावाला त्या प्रमाणात मोठा वाटा द्यायचा. पाच बंद दिवस धरले तर जुन्याचं वजन 0.8 चा सहावा घात, म्हणजे सुमारे 26 टक्के, आणि नव्या दराला 74. पण संप सुटल्यावरचा पहिलाच लिलाव विश्वासाचा असतो का, हे दादांनीच सांगावं.

कोडकर्ता
सायली, तुझे आकडे ब्रोकरच्या चार्टशी थोडे जुळत नसतील, तर घाबरू नकोस. ईएमएला कालची ईएमए लागते, मग पहिल्या दिवशी काय धरायचं? कुणी पहिलं क्लोजिंग धरतो, कुणी पहिल्या नऊ दिवसांची साधी सरासरी. एक्सेलमध्ये भाव `B` स्तंभात असतील तर:

```
C10:  =AVERAGE(B2:B10)
C11:  =C10+0.2*(B11-C10)
```

आणि पायथनमध्ये:

```
df["sma"] = df["close"].rolling(9).mean()
df["ema"] = df["close"].ewm(span=9, adjust=False).mean()
```

इथे `adjust=False` विसरलीस तर सुरुवातीच्या ओळी वेगळ्या येतील. चूक सुरुवातीच्या आकड्यातली आहे की गुणकातली, हे ओळखायचा उपाय सोपा आहे. दोन्ही ईएमएमधला फरक रोज पाचव्या हिश्शाने घटत असेल तर सुरुवात वेगळी आहे, बाकी सगळं ठीक. सुरुवातीला 100 अंकांचा फरक असला तरी वीस सेशननंतर जेमतेम एक अंक उरतो. फरक घटता-घटता विरत नसेल, बाजार हलला की पुन्हा वाढत असेल, तर गुणकच वेगळा आहे. काही इंडिकेटर वाइल्डरच्या पद्धतीने 2/(N+1) ऐवजी 1/N घेतात. आरएसआयमध्ये तेच असतं. त्या पद्धतीचे 14 दिवस म्हणजे नेहमीच्या ईएमएचे 27.

जुना_गुंतवणूकदार
म्हणूनच 200 दिवसांसाठी मी एसएमएच पाहतो. 200 च्या ईएमएला वर्षभराचा, साधारण 250 सेशनचा डेटा दिला तरी सुरुवातीच्या आकड्याचं आठेक टक्के वजन शिल्लक असतं. दोन सॉफ्टवेअरमध्ये दोन आकडे दिसतात. एसएमएचा आकडा डेटा तोच असेल तर सगळीकडे तोच, आणि कुठला दिवस बाहेर पडणार हेही आधी माहीत असतं.

इंट्राडे_सांगली
200 चं तुम्हीच ठेवा. पण 9 दिवसांत, शेपटीचं सगळं गणित मान्य करूनही, मला पहिल्या तीन-चार दिवसांतच निर्णय घ्यायचा असतो आणि तिथे ईएमए पुढे आहे हे तुमच्याच आकड्यांत दिसतंय. सातव्या दिवशी कोण पुढे याचा मला उपयोग नाही, तोवर मी सौद्यातून बाहेर पडलेला असतो.

गणिती
तेवढ्या कामासाठी ईएमएच घ्या, त्याला माझी हरकत नाही. फक्त निफ्टीचा 4 जूनचा चार्ट समोर ठेवा. त्या दिवशीच्या 1,379 अंकांच्या पडझडीला जास्त जोराने वळली ती ईएमएच, आणि 7 जूनला निफ्टी 23,290.15 वर, म्हणजे 3 तारखेच्या बंद भावाच्याही वर होता.

सायली_प
शीटमध्ये आता तिसरा स्तंभ केलाय: आज एसएमएतून बाहेर पडणारा भाव. 18 जूनच्या ओळीत 21,884.50 समोरच दिसतोय. 4 जूननंतरच्या सगळ्या ओळी आता याच नजरेने पुन्हा बघते.

निफाडचा_कांदा
संपानंतरच्या पहिल्या लिलावाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. पहिल्या दिवशी साठलेला सगळा माल एकदम येतो, दर दबलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो कुठेतरी स्थिरावतो. त्या पहिल्या दराला 74 टक्के वजन द्यायला माझा हात धजावणार नाही.