निबंधातल्या वाक्यावर बोट ठेवणारा बॉट: वर्गात आणावा का?

नववी 'ब'च्या बाई
माझ्या वर्गात ५८ मुलं आहेत. एक वैचारिक निबंध नीट वाचून शेरा लिहायला आठ मिनिटं लागतात, म्हणजे एका विषयाला पावणेआठ तास. वही परत जाते तोवर मुलं निबंध विसरलेली असतात. ओळखीच्या एकाने बॉट करून दिलाय. माझंच चार ओळींचं रुब्रिक, म्हणजे निबंध तपासायचे निकष, तो लावतो, गुण देत नाही, फक्त 'वाक्य ७ पाहा, मत मांडलंय पण आधार नाही' असं दाखवतो. मुलं सुधारून लिहितात, मग मी तपासते. हे वर्गात वापरावं का? विरोध असेल तर कारण सांगा.

निवृत्त मास्तर
वापरू नका, बाई. यंत्राला निबंध कळत नाही, ते लांबी आणि जड शब्द मोजतं. अमेरिकेत एमआयटीत लेखन शिकवलेल्या लेस पेरलमन यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन 'बेबेल' नावाचा प्रोग्रॅम केला होता. तो नुसती अर्थहीन वाक्यं जोडायचा आणि निबंध तपासणारी यंत्रं त्याला चांगले गुण द्यायची.

दुसरं कारण माझ्या वर्गातलं. दुष्काळावरच्या निबंधात एका मुलीने लिहिलं होतं, 'आमच्या विहिरीला आता आवाज येतो.' खडा टाकला की पूर्वी डुबुक व्हायचं, आता दगडावर आपटतो. रुब्रिकच्या कोणत्या ओळीत हे वाक्य बसवणार?

कोडघर
मास्तर, पेरलमन यांचं उदाहरण खरं आहे, पण ती यंत्रं वेगळी होती. मजकुरातल्या मोजता येणाऱ्या गोष्टींवरून ती गुणांचा आकडा काढायची. बाईंचा बॉट भाषा-मॉडेलवर चालत असणार. त्याला अर्थाचा बराच अंदाज येतो. त्याची चूक होते ती बोट ठेवताना.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयासाठी असंच काम केलंय. सुरुवातीला आम्ही मॉडेलला सांगायचो, ज्या वाक्याबद्दल बोलतोस ते जसंच्या तसं उतरव. मुलाने 'पाणि वाचवने गरजेचे आहे' लिहिलं, तर मॉडेल 'पाणी वाचवणे गरजेचे आहे' असं उतरवायचं. न सांगता शुद्धलेखन सुधारलेलं! मग ते वाक्य निबंधात सापडायचंच नाही. कधी दोन वाक्यांचं मिळून एक व्हायचं आणि मुलगा म्हणायचा, सर, हे मी लिहिलंच नाही.

म्हणून आता मॉडेलकडे जाण्याआधीच साधा प्रोग्रॅम वाक्यांना क्रमांक घालतो. मॉडेलने फक्त क्रमांक सांगायचा, आम्ही वाक्य मूळ निबंधातून उचलून दाखवतो. तिथेही फसलो. 'डॉ. आंबेडकर' आलं की 'डॉ.' हे स्वतंत्र वाक्य धरलं जायचं आणि पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकायचे. बाई, तुमच्या बॉटला असा एक निबंध घालून बघा.

याहून मोठी अडचण जे लिहिलंच नाही त्याची आहे. 'विरुद्ध बाजूचा विचार केलेला नाही' हा शेरा कोणत्या वाक्यावर ठेवणार? प्रत्येक शेऱ्याला क्रमांक हवाच अशी सक्ती केली, तर मॉडेल कुठल्या तरी निरपराध वाक्याला धरतं. मुलगा ते वाक्य खोडतो आणि उणीव तशीच राहते. 'संपूर्ण निबंध' असा पर्याय ठेवावाच लागतो.

वाचनवेडा
पण हल्ली मुलं निबंधच यंत्राकडून लिहून घेतात. ते पकडणारा बॉट आधी आणा, नाहीतर यंत्राने लिहायचं आणि यंत्रानेच तपासायचं.

नववी 'ब'च्या बाई
माझा प्रश्न तो नाही. पहिला खर्डा मुलं माझ्यासमोर तासालाच लिहितात.

नंदुरबारची आई
आमच्या मुलाच्या शिकवणीत असाच एक बॉट आहे. मुलाने आजीवर निबंध लिहिला. आजीच्या तोंडी अहिराणी वाक्य होतं, 'आहे'च्या जागी 'शे'. बॉटने त्या वाक्यावर 'अशुद्ध भाषा' म्हणून बोट ठेवलं. मुलाने आजीच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली. अशी आमच्या घरात कुणाचीच आजी बोलत नाही. शिकवणीतल्या सरांनी तो बदल पाहिलासुद्धा नाही.

कोडघर
ताई, 'प्रमाणभाषा वापरावी' एवढीच ओळ रुब्रिकमध्ये असेल तर मॉडेल ती संवादालाही लावणार. अवतरणातलं बोलणं वगळायचं, हे त्या ओळीतच लिहावं लागतं.

नंदुरबारची आई
मुलाने अवतरणचिन्हं दिलीच नव्हती. मग?

नववी 'ब'च्या बाई
ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण आठवडाभरात केलेलं सांगते. गेल्या वर्षी मी तपासलेले बारा निबंध काढले, माझे शेरे बाजूला ठेवले आणि बॉटला दिले. वहीचा फोटो देऊन पाहिला तर 'ध'चा 'घ' वाचला गेला आणि मुलाने न केलेल्या चुकीवर शेरा आला. म्हणून निबंध टाइप करूनच दिले. 'डॉ.'ची चूकही आमच्याकडे निघाली, ती दुरुस्त करून घेतली.

बऱ्याच ठिकाणी बोट बरोबर जागी होतं. एका निबंधात वाक्य ५ होतं, 'टँकरमुळे गावाचे नुकसानच होते.' बॉट म्हणाला, आधार नाही. आधार वाक्य ७ मध्ये होता: टँकर येणार म्हणून गाळ काढायचं काम दोन वर्षं राहिलं. मुलाने मत आधी मांडलं आणि मध्ये एक वाक्य टाकून कारण दिलं, यात वावगं काही नाही. मग माझी ओळ वाचली: 'प्रत्येक मताला आधार द्यावा.' मला मनात सगळं कळत होतं, ओळीत ते नव्हतंच. आता लिहिलंय, 'मताचा आधार त्याच परिच्छेदात, आधी किंवा नंतर, असावा.' तो खोटा शेरा थांबला.

तेच निबंध तीनदा चालवले. आधाराचे शेरे बहुतेक तेच राहिले. 'भाषा प्रभावी आहे' या ओळीचे शेरे दर वेळी बदलले. ती ओळ बॉटकडून काढून घेतली, ती मी बघेन.

निवृत्त मास्तर
इतकं करून पाहिलंत, हे मला आवडलं. यंत्र फक्त लांबी मोजतं हे माझं म्हणणं मागे घेतो. विरोध मात्र कायम आहे. वर्षभर हीच तीन ओळींची चाळणी लागली, तर मुलं चाळणीतून पडेल असंच लिहितील. मत, आधार, मत, आधार. ५८ वह्या एका साच्याच्या. आणि ज्याचं लेखन कच्चं आहे त्याला एका पानावर नऊ शेरे मिळाले, तर तो दुसरा खर्डा लिहिणारच नाही.

कोडघर
शेऱ्यांवर मर्यादा घालता येते. आम्ही एका खर्ड्याला दोनच ठेवले, बाकीचे शिक्षकांना दिसतात. साच्याच्या भीतीचं मात्र मला खोडून काढता येत नाही. आमच्याकडेही दुसऱ्या सत्रात बरेच निबंध 'उदाहरणार्थ'ने भरले होते.

नववी 'ब'च्या बाई
दोनची मर्यादा घालते. मास्तर, तुमचं विहिरीचं वाक्य मी एका परिच्छेदात घालून पाहिलं. शेरा आला, 'वाक्य ३: आवाजाचा पाणीटंचाईशी संबंध स्पष्ट करावा.' रुब्रिकप्रमाणे तो चूकही म्हणता येत नाही. पण त्या मुलीने तो वाचून खड्याचं स्पष्टीकरण लिहिलं असतं, तर वाक्य गेलंच असतं.

सध्या ठरवलंय, शेरे मुलांकडे जाण्याआधी मी नजरेखालून घालेन. एकाला दोन मिनिटं धरली तरी ५८ मुलांचे दोन तास होतात. सोमवारी पहिला खर्डा आहे.

निवृत्त मास्तर
त्या दोन मिनिटांत शेरा वाचणार की निबंध?