प्रतिसाद: लॅपटॉपच्या चार्जरची पिन हलते

> पिन एका ठरावीक कोनात धरली तरच चार्जिंग होतं. असंच अजून काही महिने ढकललं तर चालेल का?

ढकलू नका. ६५ वॉटचा, १९ व्होल्टचा चार्जर साधारण ३.४ अँपिअर देतो. पिन जिथे बसते त्या जॅकमधली पत्ती झिजून संपर्कात अर्धा ओहम रोध आला, तरी पूर्ण भारावर त्या एवढ्याशा जागेत जवळपास ६ वॉट उष्णता तयार होते. पिन काढून बोट लावून बघा. गरम लागली किंवा जॅकचं प्लास्टिक तपकिरी दिसलं, तर चार्जर लावणं आजच थांबवा.

आधी त्याच रेटिंगचा आणि त्याच पिनेचा दुसरा चार्जर लावून पाहा. तो घट्ट बसला तर दोष तुमच्या पिनेत आहे, लॅपटॉप उघडायची गरजच नाही.

तोही हलला तर जॅक बघावा लागेल. बऱ्याच मॉडेलांत तो वायरवर असतो. अख्खी वायर बदलली की झालं. बोर्डावर असेल तर पायांभोवतीच्या सोल्डरला गोल बारीक चीर दिसते का, ते भिंगातून पाहा. नुसती चीर असेल तर नवं सोल्डर पुरतं. आतली पत्तीच सैल झाली असेल तर जॅक बदलावाच लागतो, कितीही सोल्डर ओता.

उशिराचा खरा फटका इथे बसतो: हलणारे पाय बोर्डावरचं तांब्याचं कडं उचकटतात. मग तुटलेली जोडणी सांधायला जंपर वायर ओढावी लागते. अर्धवट वितळलेलं सोल्डर असताना जॅक खेचणारे कारागीरही हे कडं असंच उचकटतात, म्हणून काम देताना जरा चौकशी करा.