मदत हवी आहे: जिमची वेबसाइट, ऑटोपे आणि नवरात्रातली सुट्टी

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात मांजलपूरला मेव्हण्याची जिम आहे, तिची वेबसाइट मी करतोय. क्लासचं वेळापत्रक सोपं निघालं, अडलोय ते दरमहा फी कापण्यात.

महिना १,५०० रुपये, यूपीआय ऑटोपेने ५ तारखेला कापायचे. रक्कम १५,००० च्या आत असल्याने दर वेळी पिन लागत नाही, फक्त २४ तास आधी सूचना जायला हवी. इथवर ठीक.

पण नवरात्र आलं की अर्धी जिम गरब्याला! संध्याकाळची बॅच ओस, आणि सगळे म्हणतात, "भाऊ, दहा दिवस फ्रीझ करा." मग पुढचा हप्ता १५ तारखेला न्यायचा का? तसं केलं तर प्रत्येकाची तारीख वेगळी होईल आणि मेव्हण्याचा हिशोब कोलमडेल. मला वाटतं, तारीख ५ च ठेवावी आणि त्या महिन्यात ५०० वजा करून १,००० च कापावेत. मात्र गेटवेच्या तयार सबस्क्रिप्शनमध्ये प्लॅनची रक्कम ठरलेली असते. म्हणून १,५०० ही कमाल मर्यादा धरून मॅन्डेट घ्यावं आणि दर महिन्याचा आकडा आपल्या सर्व्हरवरून पाठवावा, असा विचार आहे.

असं कोणी चालवलंय का? आणि खात्यात पैसे नसल्याने हप्ता फसला, तर क्लासचं बुकिंग लगेच बंद करता की दोन-चार दिवस थांबता? मेव्हणा म्हणतो लगेच, पण पगार ७ ला होणारे बरेच आहेत.