मदत हवी आहे: बहीण भरपूर खाते, तरी वजन उतरतंय आणि छाती सारखी धडधडते

चाफा
नमस्कार. धाकट्या बहिणीबद्दल विचारायचं आहे. वय 29, सांगलीला बँकेत नोकरी. दिवाळीपासून तिची भूक अफाट वाढली आहे. सकाळी पोटभर खाऊन गेली तरी अकराच्या आत डबा संपवते, रात्री उठून पुन्हा काहीतरी खाते. वजन मात्र 58 वरून 51 वर आलंय. छाती धडधडते, हात थरथरतात, परवाच्या थंडीतही पंखा लावून झोपली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, ठोके 116, बाकी काही नाही. हिमोग्लोबिन 12.4, उपाशीपोटी साखर 92. लग्न ठरलंय त्याचं टेन्शन असेल म्हणाले आणि झोपेची गोळी दिली. पण टेन्शन आलं की हिचं जेवण सुटतं, हे आम्ही लहानपणापासून बघतोय. पुढे कोणती तपासणी करावी?

रानवारा
भूक जास्त आणि वजन कमी म्हणजे आधी डायबेटिस. माझ्या मेव्हण्याचं अगदी असंच झालं होतं. एका साखरेवर विसंबू नका, तीन महिन्यांची सरासरी बघा.

वसुधाकाकू
अगं, थायरॉईड तपासून घे. मला पंधरा वर्षं आहे. अशीच धडधड आणि थकवा. रोज सकाळी 75 ची गोळी घेते, आता छान आहे. हवं तर अर्धी गोळी चार दिवस देऊन बघ तिला.

निशाचर
काकू, ती गोळी कृपया तिला देऊ नका. तुमची ग्रंथी कमी काम करते म्हणून तुम्हाला बाहेरून हॉर्मोन द्यावं लागतं. या मुलीच्या अंगात तेच हॉर्मोन जास्त झाल्याची लक्षणं आहेत. वरून आणखी दिलं तर ठोके अजून वाढतील.

मी तालुक्याच्या गावी मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. रानवारा, तुमची शंका रास्त आहे, तहान आणि लघवी वाढली आहे का हे विचारायलाच हवं. पण डायबेटिसमध्ये वजन घटतं तेव्हा साखर लघवीवाटे वाहून जात असते आणि त्यासाठी रक्तातली साखर साधारण 180 च्या वर जावी लागते. उपाशीपोटी 92 असणाऱ्या मुलीचं सात किलो वजन त्यामुळे जाईल असं वाटत नाही. तपासून घ्या, पण त्यावर थांबू नका.

थायरॉईडचं हॉर्मोन वाढलं की शरीर नुसतं बसल्या जागी जास्त इंधन जाळतं. म्हणून उकाडा, म्हणून घाम. खाल्लेलं पुरत नाही, मग चरबी आणि त्याबरोबर स्नायूही झिजतात, आणि मेंदू आणखी खा म्हणून सांगत राहतो. खाणं वाढूनही वजन उतरतं ते यामुळे. हृदयावर तर हे हॉर्मोन थेट काम करतं: ठोक्यांची गती जिथून ठरते ती जागाच वेगाने चालायला लागते. त्यामुळे मन शांत झालं तरी ठोके खाली येत नाहीत.

चाफाताई, घरी दोन गोष्टी बघा. ती गाढ झोपली की मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. नुसत्या टेन्शनची धडधड झोपेत बरीच उतरते. झोपेतही नव्वदच्या वर राहिली तर मला थायरॉईडचा दाट संशय येईल. दुसरं, उकिडवं बसून हाताचा आधार न घेता उठता येतं का ते पाहा, मांड्यांचे स्नायू झिजले असतील तर जड जातं. आणि टीएसएच, फ्री टी3, फ्री टी4 करून घ्या.

चाफा
झोपेत 104 भरली. खात्री वाटेना म्हणून दुसऱ्या रात्री परत मोजली, 100. उठताना पलंगाच्या कडेला धरते. रिपोर्टही आला: टीएसएच 0.01 पेक्षा कमी, फ्री टी4 3.6 (लॅबची मर्यादा 0.8 ते 1.8), फ्री टी3 पण वर.

रानवारा
टीएसएच कमी म्हणजे थायरॉईड कमी झालं ना? मग काकूंचंच बरोबर निघालं.

निशाचर
उलट आहे. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा थायरॉईडला दिलेला हुकूम. रक्तात हॉर्मोन भरपूर दिसलं की पिट्युटरी हुकूम देणं बंद करते. म्हणून टीएसएच तळाला आणि टी4 वर, ही जोडी हॉर्मोन जास्त झाल्याची.

काचपट्टी
मी लॅबमध्ये काम करतो. एक विचारू? केसांसाठी बायोटिनची गोळी चालू आहे का? बऱ्याच मशीनवरच्या तपासण्यांत बायोटिन लुडबुड करतं. टीएसएच खोटा कमी आणि टी4 खोटा जास्त येतो, म्हणजे हुबेहूब असाच रिपोर्ट.

चाफा
हो! केस गळतात म्हणून 10 मिलिग्रॅमची रोज घेतेय. म्हणजे रिपोर्ट खोटा?

काचपट्टी
खोटा आहे असं नाही म्हणत, पण गोळी थांबवून दोन-तीन दिवसांनी पुन्हा रक्त द्या. लॅबलाही आधी सांगा.

निशाचर
चांगलं विचारलंत. मात्र बायोटिनने आकडा बदलतो, नाडी नाही बदलत. झोपेतली 104 आणि सात किलो वजन कागदावरचं नाही. केस गळणंही कदाचित याच आजारातलं. तरी पुन्हा तपासा, कारण पुढची अँटिबॉडीची तपासणीही बायोटिनने फसू शकते.

ती पुढची पायरी महत्त्वाची. हॉर्मोन वाढण्याच्या दोन वाटा असतात. एक तर ग्रंथी खरोखर जास्त हॉर्मोन बनवते, याला बहुतेक वेळा ग्रेव्हज नावाचा आजार कारण असतो. किंवा तिला सूज येऊन आधीचा साठा नुसता गळतो. कार्बिमॅझोल ही गोळी नवीन हॉर्मोन बनणं थांबवते, त्यामुळे गळतीत तिचा उपयोग नाही, ती सूज बहुधा काही आठवड्यांत ओसरते. रक्तात टीआरॲबी ही अँटिबॉडी वाढलेली असेल तर ग्रेव्हज. दिवाळीपासून त्रास चालू आहे म्हणून माझा कल तिकडेच आहे, पण अंदाजावर गोळी नको.

चाफा
गोळी थांबवून केलेला रिपोर्ट आला. टीएसएच तितकाच कमी, फ्री टी4 3.4. टीआरॲबीचा रिपोर्ट यायचाय. एंडोक्रायनॉलॉजिस्टनी ठोक्यांसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं, त्याआधी दमा आहे का ते विचारलं. थरथर बरीच कमी झाली, भूक तशीच आहे.

निशाचर
बरोबर. ही गोळी धडधड आणि थरथर दाबते, मूळ हॉर्मोन तितकंच राहतं. पुढे कार्बिमॅझोल सुरू झाली तर एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा: ताप आला किंवा घसा दुखायला लागला की गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायच्या. क्वचितच होतं, पण त्या पेशी एकदम घसरतात आणि ते जिवावर बेतू शकतं. लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर तेही डॉक्टरांना आत्ताच सांगा, गरोदरपणाच्या सुरुवातीला कार्बिमॅझोल टाळतात.

वसुधाकाकू
चाफा, अर्धी गोळी द्यायचं बोलले ते सोडून दे बाई. पण मला सांगा डॉक्टर, आमच्या शेजारणीला अशा वेळी स्कॅन करायला लावला होता. हिला नाही का लागणार?

निशाचर
टीआरॲबी स्पष्ट वाढलेलं आलं तर मी सहसा लावत नाही. नॉर्मल आलं किंवा ग्रंथीला गाठ लागली तर लावतो. काही सहकारी सगळ्यांचाच करतात, यावर एकमत नाही. करायचा ठरला तर आधी ती गरोदर नाही याची खात्री करतातच.

चाफा
गळ्याला गाठ लागत नाही, सगळी ग्रंथी सारखीच थोडी मोठी आहे असं म्हणाले. डोळे किंचित मोठे वाटतात, पण ते वजन उतरल्यामुळे की यामुळे, ते आम्हाला कळत नाही. टीआरॲबी आलं की इथे लिहिते.

निशाचर
दोन वर्षांपूर्वीचा एखादा समोरून काढलेला फोटो डॉक्टरांकडे घेऊन जा. घरात कोणी सिगारेट ओढतं का तेही सांगा, ग्रेव्हजमध्ये डोळ्यांचा त्रास धुराने वाढतो.