भरतीच्या पाण्याचा सीओडी जास्त कसा?

"माहीमला मिठी नदीचे नमुने घेतले. भरतीला समुद्राचं पाणी मिसळून सीओडी कमी यायला हवा, तर तो ओहोटीपेक्षा कितीतरी जास्त आला. असं का?"

सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने ऑक्सिडाइज करायला लागणारा ऑक्सिजन, आणि तुमचा तो बहुतेक मिठाचा आकडा आहे. उकळत्या आम्लात डायक्रोमेट सेंद्रिय घाणीसोबत क्लोराइडलाही ऑक्सिडाइज करतं. क्लोराइड लिटरला 15,000 मिग्रॅ असेल, तर ते एकटंच 3,300 च्या वर खोटा सीओडी दाखवू शकतं.

20 मिली नमुन्याला 0.4 ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट लिटरला साधारण 2,000 मिग्रॅपर्यंतचंच क्लोराइड बांधून ठेवतं, तेही आम्ल आणि सिल्व्हर सल्फेटच्या आधी घातलं तर. म्हणून आधी क्लोराइड मोजा आणि नमुना दहापट पातळ करा.

समजा, दोन तास रिफ्लक्सनंतर उरलेलं डायक्रोमेट मोजायला 0.1 नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेट ब्लँकला, म्हणजे शुद्ध पाण्याला, 24.6 मिली लागलं, नमुन्याला 24.0. फरक 0.6. 0.6 × 0.1 × 8000 ÷ 20 = 24, दहापट केल्यावर 240. पण फेरॉइनचा निळसर हिरवा रंग तांबूस होताना 0.1 मिली चुकलं, तरी उत्तर 40 ने हलतं. त्यामुळे तीनदा करा, आणि सोबत तेवढ्याच क्लोराइडचं नुसतं मिठाचं पाणी चालवा. ते शून्याजवळ आलं नाही, तर क्लोराइड अजून निसटतंय.

खरा आकडा मिळाला तरी त्यातलं किती जिवाणू खाऊ शकतील, हे सीओडी सांगत नाही. त्यासाठी त्याच नमुन्याचा बीओडी, म्हणजे जिवाणूंनी घाण खाताना वापरलेला ऑक्सिजन, मोजावा लागेल.